अळी मोजा, म्हणजे माशी कधी आली ते कळेल

*डॉक्टरसाहेब, आमचं घर इंदुरात, पण राऊच्या पुढे थोडी शेती आहे आणि तिथे एक माळवी गाय. गणेश चतुर्थीच्या रात्री ती व्याली, कालवड झाली. सातव्या दिवशी बेंबीतून वास यायला लागला. बघतो तर आत किडे! आमच्याकडे काम करणाऱ्या भय्याने फिनाईल ओतलं, तारपिनाचा बोळा घातला, पन्नासेक किडे काढून उकिरड्यावर टाकले. दोन दिवस बरं होतं. दहाव्या दिवशी पुन्हा किडे. मुलाने पट्टीने मोजले, दीड सेंटिमीटर भरले. पुन्हा तोच उपाय केला. मेडिकलवाल्याने आयव्हरमेक्टिन दिलं ते गायीला टोचलं, दुधातून वासराला पोचेल म्हणाला. आज चौदावा दिवस आणि पुन्हा किडे, पण या वेळी बारीक, चार-पाच मिलिमीटरचे. शेजारी म्हणतात रक्तच बिघडलंय, किडे आतूनच तयार होतात. खरं का? गायीचं दूध घरात घ्यावं का? आणि अमेरिकेतल्या मांसखाऊ अळीच्या बातम्या वाचल्या, ही तीच का?*
*— एक वाचक, इंदूर*

ताई, तातडीचं होतं ते तुम्हाला फोनवर सांगितलंच आणि तुम्ही त्याच दिवशी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून डॉक्टरांना बोलावलंत. आता कारणांसह लिहितो, कारण भाद्रपद-आश्विनात अशी पत्रं मला ढिगाने येतात आणि बहुतेकांत एक गोष्ट नसते. तुमच्या पत्रात ती आहे. तुमच्या मुलाने पट्टी लावली.

रक्तातून किडे होत नाहीत. एकूण एक अळी माशीच्या अंड्यातून येते आणि अंडं बाहेरून, जखमेच्या कडेवर पडतं. तुमच्या कालवडीच्या बाबतीत हे काम बहुधा क्रायसोमिया बेझियाना नावाच्या माशीचं आहे. इंग्रजीत तिच्या अळीला स्क्रूवर्म म्हणतात. दिसायला ती घरमाशीपेक्षा थोडी मोठी, निळसर हिरवी, चकाकणारी. आपल्याकडे उकिरड्यावर आणि मेलेल्या जनावरावर दिसणाऱ्या हिरव्या माश्या तिच्याच गोतातल्या, पण त्यांची पिल्लं सडक्या मांसावर जगतात. हिचं तसं नाही. हिच्या अळीला जिवंत जनावराचं जिवंत मांस लागतं, मेलेल्यावर ती वाढत नाही. म्हणून ही माशी ताज्या जखमेच्या शोधात असते आणि जखम मोठी असावी असंही नाही. गोचीड चावून रक्ताचा ठिपका आला असेल तरी तिला तेवढा पुरतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली बेंबी तर तिच्यासाठी मांडून ठेवलेलं पान.

एक मादी एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते, बहुतेक वेळा दुपार कलल्यावर. जखमेच्या कोरड्या कडेला, एकमेकांना चिकटलेली, किसलेल्या खोबऱ्यासारखी पांढरी चकती दिसते. आपल्याकडच्या पावसाळी उबेत ती सुमारे एका दिवसात फुटतात. अळ्या लगेच डोकं खाली करून मांसात शिरतात आणि सहा-सात दिवस खातात. मग त्या आपणहून बाहेर पडून जमिनीवर येतात, दोन-तीन सेंटिमीटर मातीत शिरतात आणि कोष करतात. उबदार हवेत आठवडाभरात, थंडीत बऱ्याच उशिराने, त्यातून माशी निघते. ती अंडी घालायला तयार व्हायला आणखी सहा-सात दिवस. म्हणजे आपल्या हवेत अंड्यापासून अंड्यापर्यंत सुमारे तीन आठवडे.

आता मुलाची पट्टी घेऊ. या अळीच्या तीन अवस्था असतात. अंड्यातून निघालेली अळी दीड ते तीन मिलिमीटर असते. पहिली कात टाकली की साडेतीन ते साडेपाच, ही अवस्था अंडं फुटल्यावर साधारण दुसऱ्या दिवशी. दुसरी कात टाकल्यावर ती सहा मिलिमीटरच्या पुढे जाते आणि खाऊन खाऊन पंधरा-सोळापर्यंत पोचते. त्याला आणखी तीन-चार दिवस लागतात. हे आकडे घड्याळासारखे काटेकोर नाहीत. गर्दी झाली तर अळ्या खुरटतात, थंडीत सावकाश वाढतात. पण दोन-चार मिलिमीटरचा फरक पडला तरी पुढचा हिशेब बदलत नाही.

दहाव्या दिवशी सापडलेल्या अळ्या दीड सेंटिमीटरच्या होत्या. समजा सातव्या दिवशी सगळं साफ झालं आणि त्याच संध्याकाळी नवी माशी येऊन बसली. अंडी फुटायला एक दिवस, म्हणजे आठव्याची संध्याकाळ. दहाव्याच्या सकाळपर्यंत अळीचं वय दीड दिवस, लांबी फार तर पाच मिलिमीटर. दीड सेंटिमीटर कुठून येणार? त्या अळ्या नव्या नव्हत्याच. सातव्या दिवशीच्या सफाईत आत राहिल्या त्याच त्या, आणि त्यांची अंडी कालवड जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच पडली होती.

चौदाव्या दिवसाचा हिशेब उलटा आहे. मागे राहिलेल्या अळ्या असत्या तर त्या आतापर्यंत पूर्ण वाढल्या असत्या किंवा बाहेर पडून मातीत गेल्या असत्या. चार-पाच मिलिमीटरच्या अळ्या म्हणजे दोन-तीन दिवसांपूर्वी घातलेली अंडी. म्हणजे अकराव्या-बाराव्या दिवशी दुसरी माशी येऊन गेली.

तेव्हा तुम्हाला जो एकच आजार तीनदा उलटला असं वाटलं, त्या दोन वेगळ्या चुका आहेत. दुसऱ्या वेळी सफाई अपुरी पडली, तिसऱ्या वेळी राखण. दोन्हींचा इलाज वेगळा. अळी न मोजता तारपीन ओतत राहिलं तर दोन्ही तशाच राहतात.

सफाई का अपुरी पडली ते समजायला अळी श्वास कशी घेते ते पाहावं लागेल. तिची श्वासाची छिद्रं मागच्या टोकाला असतात. म्हणून ती डोकं मांसात आणि शेपूट हवेकडे अशी राहते. चांगल्या उजेडात जखमेत डोकावलं तर दाटीने लागलेली बुडं दिसतात, पोळ्याच्या घरांसारखी. अंगावर आडवे काट्यांचे पट्टे, त्यामुळे ती स्क्रूसारखी दिसते आणि धरली की घट्ट बसते. हात लावला, टोचलं, काही झोंबलं की ती आणखी खोल जाते. सडक्या मांसावरच्या अळ्या असं करत नाहीत, त्या वर सैरावैरा धावतात. दोन्ही प्रकार एकाच जखमेत असू शकतात, कारण एकीने मांस कुजवलं की त्या वासावर दुसऱ्या येतात. त्यामुळे वरच्या धावणाऱ्या पन्नास काढल्या की जखम साफ दिसते आणि खाली डोकं रोवून बसलेल्या तशाच राहतात. तुमच्या भय्याने नेमकं हेच केलं असावं. त्याचा दोष नाही, त्याला दिसलं ते त्याने काढलं.

फिनाईलबद्दल मात्र बोलावंच लागेल. फिनाईल, पेट्रोल, रॉकेल, डांबरगोळीची पूड, गोठ्यात मारायचं कीटकनाशक, तंबाखूचं पाणी: हे सगळं जखमेत घातलेलं मी पाहिलं आहे. अळ्या त्याने मरतात, खरं आहे. पण त्या बरोबर जखमेच्या भिंतीही भाजतात, भाजलेलं मांस दोन-तीन दिवसांत सडून सुटतं आणि त्याचा वास पुढच्या माशीला निमंत्रण देतो. शिवाय आत मेलेल्या अळ्या तिथेच कुजतात, त्यांचा पू होतो. वासराचं अंग लहान, कातडी पातळ. कीटकनाशक अंगात भिनून लाळ गळणं, थरथरणं, मरणंसुद्धा होतं.

तारपिनाची गोष्ट जरा वेगळी. बैलाच्या खांद्यावरच्या किंवा खुराच्या जखमेत तारपिनाचा बोळा हा जुना आणि कामाचा उपाय आहे. बोळ्याने हवा तुटते, तारपिनाचा वाफारा झोंबतो, अळ्या मागे सरकत वर येतात आणि मग चिमट्याने काढता येतात. पण बेंबी ही नुसती कातडीवरची जखम नव्हे. नाळ तुटते तिथून आत एक शीर थेट यकृताकडे जाते, दोन धमन्या मागे जातात आणि एक नळी मूत्राशयाला जोडलेली असते. जन्मानंतर ही सगळी आक्रसत बंद होतात, पण सात दिवसांच्या वासरात, त्यातही अळ्यांनी कुरतडलेल्या बेंबीत, ती बंद असतीलच असं धरून चालता येत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका खेड्यात मी असंच एक वासरू पाहिलं. घाई होती, चार लोक बघत उभे होते. मी सिरिंजमध्ये तारपीन भरून बेंबीत सोडलं. अळ्या भराभर बाहेर आल्या, लोक खूश, मीही. दुसऱ्या दिवशी वासरू पोट आखडून उभं होतं, तिसऱ्या दिवशी गेलं. पोट उघडलं तेव्हा आतला पडदा सुजलेला आणि तारपिनाचा वास. त्यानंतर मी बेंबीत तारपिनाचा थेंबही सोडलेला नाही.

मग काय करायचं? तुमच्याकडे आलेल्या डॉक्टरांनी केलं ते तुम्ही फोनवर सांगितलंत, तेच इथे मांडतो, कारण तेच मी केलं असतं.

कालवड आडवी पाडून, पाय सैल बांधून, बेंबीभोवतीचे केस वीतभर कापले. कापण्याआधी जखमेच्या तोंडावर व्हॅसलीन थापलं, म्हणजे कापलेले केस आत जात नाहीत. दुखणं कमी व्हावं म्हणून मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शन दिलं. डायक्लोफिनॅक दिलं नाही, कारण २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे. ते घेतलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. जुन्या साठ्यातली किंवा माणसांची बाटली अजूनही कुणी कुणी काढतो, तेव्हा नाव वाचून घ्यावं.

मग त्यांनी बेंबी बाहेरून दोन बोटांत धरून चाचपली. या वयात कातडीखालची नाळ पेन्सिलीएवढी लागायला हवी. तुमच्या कालवडीची अंगठ्याएवढी लागली. गरम होती, पण पोटाच्या भिंतीपाशी पुन्हा बारीक होत होती. हा दिलाशाचा भाग. जाडी तशीच आत पोटात गेलेली लागली असती, किंवा आतून मूत ठिबकत असतं, तर पुढची सगळी गोष्ट बदलली असती. मग गोठ्यात काही करण्यात अर्थ नव्हता. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन शस्त्रक्रिया हाच मार्ग होता.

अळ्या वर आणायला त्यांनी लिक्विड पॅराफिनमध्ये भिजवून पिळलेला गॉजचा बोळा तोंडाशी धरला. तारपिनासारखा त्याने जाळ होत नाही, नुसती हवा बंद होते. अळ्या सावकाश वर येतात, त्याला दहा मिनिटं आणि धीर लागतो. बोळा काढला की बुडं वर दिसतात. बोथट टोकाच्या चिमट्याने मागून धरायचं आणि सावकाश ओढायचं. हिसका दिला तर अळी तुटते आणि अर्धी आत राहते. टॉर्चच्या उजेडात पुन्हा बोळा, पुन्हा चिमटा, असं तीनदा केलं. मोजणी तुमच्या मुलाने ठेवली, एकतीस. मग हातमोजा घातलेलं बोट आत फिरवून पाहिलं, तेव्हा एका बाजूला कातडीखाली पोकळी लागली, सुमारे दोन इंच. सातव्या दिवशी राहून गेलेल्या अळ्या याच पोकळीत लपल्या असणार. तीतून आणखी चार निघाल्या.

धुवायला कोमट मिठाचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा साधारण दीड सपाट चमचा. ते वरून वाहतं सोडायचं, सिरिंजने दाबून आत मारायचं नाही. फसफसणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बंद पोकळीत अजिबात घालायचं नाही, त्याचा वायू रक्तात जाऊ शकतो. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन, आणि जखमेच्या आत नव्हे तर भोवती, केस कापलेल्या भागावर, करंज तेल, माशीने बसू नये म्हणून. तेल दिवसातून दोनदा लावावं लागतं. त्याचा वास गेला की त्याचं काम संपलं. जखम घट्ट बांधून ठेवलेली नाही, सैल जाळीची पट्टी आहे. आतलं पाणी बाहेर यायला वाट हवी.

शेवटी कालवडीला आयव्हरमेक्टिन. प्रमाण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. तुमच्या कालवडीचं वजन फितीने सव्वीस किलो भरलं, म्हणजे सव्वापाच मिलिग्रॅम. बाजारातलं इंजेक्शन एक टक्क्याचं, एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. तेव्हा तिचा डोस जेमतेम अर्धा मिलिलिटर, आणि तो कातडीखाली. मोठ्या गायीला सात-आठ मिलिलिटर लागतं. तोच अंदाज हातात ठेवून लोक वासराला दोन मिलिलिटर टोचतात, म्हणजे चौपट. हे औषध अंड्यातून निघालेल्या कोवळ्या अळ्यांवर उत्तम चालतं आणि पुढचे सुमारे दोन आठवडे नव्या अळ्यांना रुजू देत नाही. पण पाच दिवसांची भरलेली अळी त्याने लगेच मरेल असं नाही, आणि मेली तरी आपोआप बाहेर येणार नाही. म्हणून इंजेक्शन चिमट्याच्या जागी नाही, चिमट्यानंतर.

गायीला टोचून ते दुधातून वासराला पोचवायची कल्पना हुशारीची वाटते, पण दुधात उतरणारा अंश फार थोडा असतो, वासराच्या डोसाच्या आसपासही जात नाही. चौदाव्या दिवशीच्या अळ्या दिमाखात जगत होत्या हाच त्याचा पुरावा. तुमच्या घराला मात्र तो अंश नको आहे. माणसांसाठी दूध देणाऱ्या जनावरात हे औषध वापरू नये असं त्याच्या लेबलावरच असतं. ते चरबीत मुरतं आणि दुधातून आठवड्यांनी हळूहळू निघतं. उकळून जात नाही, आणि तूप केलं तर चरबीबरोबर तुपातच जाईल. माझा सल्ला, इंजेक्शनच्या दिवसापासून एक महिना त्या गायीचं दूध घरात नको आणि विकायला तर नकोच. कालवडीला पिऊ द्या. गौरी-गणपतीचं खरवस याआधीच खाऊन झालं असेल तर त्याची चिंता नको, इंजेक्शन त्यानंतरचं आहे.

तुमच्या कालवडीला ताप होता, १०३.८ फॅरनहाइट. वासराचा १०३ पर्यंत चालतो. म्हणून प्रतिजैविक सुरू केलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही दिलं. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी तिचे गुडघे आणि मागच्या पायांचे सांधे हाताने चाचपा. बेंबीतला जंतू रक्तातून सांध्यात जाऊन बसतो. वासरू एका पायावर कमी भार देतं, सांधा गरम लागतो. हे पहिल्या दिवशी पकडलं तर सावरतं, आठवड्याने पकडलं तर बहुतेक लंगडं राहतं.

दुसऱ्या दिवशी सहा अळ्या निघाल्या, तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी शून्य. ही उतरती रांग बघायची असते. पहिल्या दिवशी सगळ्या निघाल्या असं मी कुणाचंच मानत नाही, स्वतःचंही नाही. लागोपाठ दोन दिवस शून्य आलं की जखम साफ झाली. तोवर रोज टॉर्च घेऊन बघायचंच. बरी होणारी जखम वास देत नाही आणि तिचा तळ लालसर, दाणेदार दिसतो. पातळ लालसर पाणी आणि तो गोडसर कुजका वास पुन्हा आला, तर अळी दिसो न दिसो, आत आहे असं समजा.

आता राखणीकडे येऊ. अकराव्या-बाराव्या दिवशी बसलेली माशी आली कुठून? तुमच्या उकिरड्यावर टाकलेल्या पन्नास अळ्यांतून नाही, तेवढा वेळच झाला नव्हता. सातव्या दिवशी त्या मातीत गेल्या असं धरा. कोषात आठवडाभर, पंधराव्या दिवशी माशी, आणि अंडी घालायला एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी तयार. म्हणजे बाराव्या दिवसाची माशी दुसऱ्याच जनावराच्या जखमेत वाढली होती. ही माशी काही किलोमीटर सहज उडते, तेव्हा तिचं मूळ सापडेलच असं नाही, पण शोध गोठ्यापासून सुरू करावा. म्हणून मी फोनवर विचारलं होतं, आसपास कुत्रा आहे का? तुम्ही म्हणालात, आहे, शेतावरचा, पण तो ठणठणीत आहे. कान उलटून बघा, असं मी म्हटलं होतं. गायीच्या शेपटीखालीही बघा म्हटलं होतं, कारण व्याल्यानंतर तिथे चीर पडली असेल तर ती माशीची दुसरी आवडती जागा. तुमची गाय स्वच्छ निघाली.

उकिरड्यावरच्या त्या पन्नासांचं मात्र व्हायचं ते होईल. एकविसाव्या दिवसापासून पुढचा आठवडाभर तुमच्या गोठ्यात घरच्याच माश्या फिरण्याची शक्यता आहे. उकिरड्याचा तो कोपरा वीतभर खणून उन्हात पसरा आणि कोंबड्या सोडा, काही कोष जातील. सगळे जातील असा भरवसा देत नाही. चौदाव्या दिवशीच्या इंजेक्शनचा जोर तोवर उतरत आलेला असेल, म्हणून करंज तेल त्या आठवड्यात चुकवू नका. यापुढे काढलेली प्रत्येक अळी झाकणाच्या बरणीत, रॉकेलमध्ये किंवा उकळत्या पाण्यात. जमिनीवर टाकलेली अळी म्हणजे हाताने पेरलेली माशी. खात्री करून घ्यायची असेल तर सर्वांत मोठ्या आठ-दहा अळ्या गरम पाण्यात बुडवून मग स्पिरिटमध्ये ठेवा आणि महूला दाखवा. नुसत्या डोळ्यांनी जात ठरवण्यात आम्ही डॉक्टरही फसतो.

अमेरिकेतली अळी वेगळी. तिचं नाव कॉक्लिओमिया होमिनिव्होरॅक्स, आपल्या माशीची चुलत बहीण, सवयी बऱ्याच सारख्या. ती भारतात नाही. ती मादी बहुधा आयुष्यात एकदाच नराला भेटते. हे हेरून एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलंड यांनी प्रयोगशाळेत वाढवलेले नर किरणांनी वांझ करून सोडायची युक्ती काढली. १९५४ मध्ये कुरासाव बेटावरून ती माशी त्यांनी अशी संपवली आणि पुढे अमेरिकेतूनही ती हटली. आता मध्य अमेरिकेतून वर सरकत नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मेक्सिकोत पुन्हा सापडली, त्याच बातम्या तुम्ही वाचल्यात. आपली बेझियाना आपल्याकडे पूर्वापार आहे. वांझ नरांची फवारणी राऊला काही होणार नाही, तेव्हा आपलं हत्यार टॉर्च आणि चिमटाच.

पुढच्या वेळी गाय विताना एवढं करा. नाळ तुटली की अर्ध्या तासात ती टिंचर आयोडीनच्या लहान वाटीत पूर्ण बुडवा. कापसाने वरवर पुसू नका, बुडवा, म्हणजे आयोडीन नाळेच्या पोकळ टोकात चढतं. तसं दिवसातून दोनदा, नाळ वाळून कडक होईपर्यंत, साधारण तीन-चार दिवस. वाळलेल्या नाळेत या माशीला रस नसतो. पावसाळ्यात विणारी गाय असेल तर वासराला पहिले चार दिवस दुपारनंतर मच्छरदाणीखाली ठेवा. लोक हसतील, हसू द्या. आणि घरात कुणाच्या पायाला मधुमेहाची जखम असेल तर त्यांनाही शेतावर दुपारी उघड्या पायाने झोपू देऊ नका. ही माशी माणूस आणि वासरू असा भेद करत नाही.

हे लिहून होत असतानाच तुमचा निरोप आला. कुत्र्याच्या डाव्या कानाच्या मुळाशी, लोंबत्या पाळीखाली, नाण्याएवढं भोक आणि आत बुडांची रांग. तो कान खाजवत होता म्हणे, पण कुत्रे खाजवतातच असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही डॉक्टरांकडूनच साफ करून घ्या, आणि आयव्हरमेक्टिनची उरलेली बाटली त्याच्यावर रिकामी करू नका. काही कुत्र्यांना ते मेंदूत चढतं. मुलाला सांगा, त्याच्याही अळ्या मोजायच्या.